आरसीसीबी पडला होता, वीज गेलेली नव्हती : ८,४५० रुपयांना फसलो त्याची हकिगत

जुलैमधल्या एका पावसाळी रात्री डोंबिवलीच्या आमच्या घरी एक माणूस आला आणि पाऊण तासात माझ्याकडून ८,४५० रुपये घेऊन गेला. बिघाड होता गीझरमध्ये, आणि त्या गीझरला त्याने दुरुस्तीसाठी हातही लावला नाही. हे लिहिताना संताप येतो आणि त्याहून अधिक लाज वाटते, कारण ज्या दोन गोष्टी पाहिल्या असत्या तर मी फोनच केला नसता, त्या दोन्ही माझ्याच इमारतीत होत्या.

पावणेनऊच्या सुमारास संपूर्ण घर अंधारात गेले. मी खिडकीतून पाहिले तर समोरच्या इमारतीतील निम्म्या खिडक्यांत प्रकाश होता आणि निम्म्या काळोख्या होत्या, त्यामुळे एक फेज गेली असावी असा मी तर्क केला. हा तर्क अगदीच निराधार नव्हता. इमारतीत येणारा पुरवठा तीन फेजचा असतो आणि घरे त्या तीन फेजवर वाटलेली असतात, म्हणून शेजारी दिवे असतानाही आपल्याकडे वीज नसणे शक्य असते. पण याच कारणामुळे खिडकीतून काहीही सिद्ध होत नाही, कारण उजळ खिडकीमागे इन्व्हर्टर असू शकतो आणि काळोख्या खिडकीमागे नुसतेच कुलूप असू शकते.

खरे उत्तर तळमजल्यावर, पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत होते. इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा उजळलेला असेल, तर वीज तुमच्या मीटरपर्यंत पोहोचली आहे आणि दोष त्याच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला आहे. पडदा मृत असेल तर पुरवठाच आलेला नाही. मग वीज कंपनीला, आणि तेही बिलावर छापलेल्या क्रमांकावरच कळवावे. (काही मीटरमध्ये बटण दाबल्यावर आतल्या बॅटरीवर आकडे दिसतात, त्यांना पुरवठा समजू नये.) मीटरवरचा लाल ठिपका वापराच्या प्रमाणात लुकलुकतो. पडदा चालू आणि ठिपका स्तब्ध असेल, तर वीज दाराशी येऊन थांबली आहे, एवढा अर्थ निश्चित निघतो. मी खाली गेलो नाही. आई ७८ वर्षांची आहे, तिला झोपण्यापूर्वी नेब्युलायझर लावावा लागतो आणि तिला अंधारात एकटीला सोडून चार मजले उतरण्याचा धीर मला झाला नाही. हे कारण मला आजही खोटे वाटत नाही.

घरातला डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी, मात्र मी उघडला होता. टॉर्चच्या प्रकाशात एमसीबींची, म्हणजे घराच्या एकेका भागाच्या खटक्यांची ओळ पाहिली, सगळे खटके वर होते, म्हणून काही ट्रिप झालेले नाही असे मी ठरवले. त्या ओळीच्या डाव्या टोकाला जो रुंद, दोन खांबांचा आणि ‘T’ अक्षराचे बटण असलेला आरसीसीबी असतो, त्याचा खटका खाली होता आणि मी त्याच्याकडे लक्षच दिले नाही. एमसीबी जादा भाराने किंवा शॉर्टसर्किटने पडतो आणि बहुधा घराचा तेवढाच भाग बंद होतो. आरसीसीबी जमिनीकडे वीज झिरपू लागली की पडतो, घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअरवर, आणि तो पडला की त्याच्यामागचे सगळे घर बंद होते.

मोबाइलवर ‘वीज तक्रार’ शोधल्यावर जो पहिला क्रमांक दिसला तो मी लावला आणि तो वीज कंपनीचाच आहे असे समजलो. पलीकडच्या माणसाने अत्यंत आदराने विचारले, “काका, लाईट गेली तेव्हा शेवटचं काय चालू होतं?” मी सांगितले, “गीझर.” त्याला दोष तेव्हाच समजला असणार, कारण आल्याबरोबर “हात धुतो” म्हणून तो न्हाणीघरात गेला आणि बाहेर आला तेव्हा गीझरचा स्विच बंद होता. हे मला दुसऱ्या दिवशी आठवले.

त्यानंतरचा क्षण मी विसरू शकत नाही. त्याने सगळे एमसीबी खाली केले, एका हाताने आरसीसीबीचा खटका वर उचलला आणि तो तत्काळ पडला. “बघा, सगळं बंद आहे तरी राहत नाही, हा गेला,” असे तो म्हणाला. त्या वेळी त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा त्या ‘T’ बटणावर होता. टॉर्च मीच धरला होता, प्रकाश त्याच्या अंगठ्यावरच पडला होता आणि मी ते पाहिले होते. ते चाचणीचे बटण आहे. वीज आलेली असताना ते दाबले की धडधाकट आरसीसीबी पडलाच पाहिजे. म्हणजे उपकरण चांगले असल्याचा पुरावा त्याने मला ते बिघडल्याचा पुरावा म्हणून दाखवला आणि मी मान डोलावली.

भेटीचे ५००, रात्रीचे ८००, नव्या आरसीसीबीचे ४,२००, ‘लीकेज तपासणी’चे १,५०० आणि केबलच्या जोडाचे १,४५० रुपये त्याने घेतले, पावती दिली नाही. सकाळी आईच्या आंघोळीसाठी गीझर लावला आणि नवा आरसीसीबीही पडला. सोसायटीच्या जुन्या वायरमनने गीझरचे एलिमेंट बदलले. त्याचे ६५० आणि मजुरी ३५०, एकूण १,००० रुपये झाले. तो ठग जुना आरसीसीबी चपलांच्या कपाटावर विसरला होता. वायरमनने तो पुन्हा बसवला आणि तो आजतागायत व्यवस्थित चालू आहे. बदललेला जुना भाग कोणालाही नेऊ देऊ नका.

वायरमनने करून दाखवलेली तपासणी दहा मिनिटांची आहे. हात व पाय कोरडे असावेत. जळका वास, ठिणगी किंवा डीबीत ओल असेल तर काहीही न उचलता वायरमनलाच बोलवावे. सगळे एमसीबी खाली करावेत, आरसीसीबीचा खटका आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावा, कारण ट्रिप झालेला खटका कधी मध्येच अडकतो आणि तिथून वर केल्यास धरत नाही. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करावा. ज्याने आरसीसीबी पडेल त्या भागातला दोष. तो एमसीबी खाली ठेवून बाकीचे घर चालवता येते. नंतर त्या भागातल्या उपकरणांचे प्लग काढून पाहावे, नुसता स्विच बंद करू नये, कारण स्विच एकच तार तोडतो. एमसीबीही बहुधा एकच तार तोडतो, म्हणून सगळे एमसीबी खाली असतानाही न्यूट्रलच्या बाजूच्या दोषाने आरसीसीबी खरोखर पडू शकतो, तेव्हा केवळ तेवढ्यावरून तो बदलू नये. आणि कोणी ‘तात्पुरतं डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर त्याला दाराबाहेर काढावे. माझ्या गीझरमधून झिरपणारी वीज आईच्या अंगातून जाऊ नये म्हणूनच तर तो पडत होता.

यानंतर मी दाद मागायला निघालो. वीज कार्यालयातल्या साहेबांनी “मीटरच्या पुढचं आमच्याकडे नाही” एवढेच सांगितले. कंपनीच्या नावाचा आभास करून कोणी लोकांना लुटतो आहे, याची नोंदही त्यांनी घेतली नाही. पोलीस ठाण्यात मला दीड तास बसवून ठेवले आणि मग विचारले, “तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना? काम झालं ना? मग ग्राहक मंचात जा.” सायबर कक्षाने म्हटले की माणूस प्रत्यक्ष घरी आला, म्हणून हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पावती आणि व्यावसायिकाचा पत्ता मागितला. पावती असती आणि पत्ता असता, तर मी त्या खिडकीवर उभा का राहिलो असतो? चार ठिकाणी मी तोच मोबाइल क्रमांक लिहून दिला, आणि चारपैकी एकाही माणसाने माझ्यासमोर तो लावून पाहिला नाही.

मागच्या आठवड्यात मी तो भाच्याच्या फोनवरून लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. आवाज तोच होता आणि प्रश्नही तोच होता, “काका, लाईट गेली तेव्हा शेवटचं काय चालू होतं?”