केमो सुरू असताना हृदय तपासायचं कशानं? साधा टूडी इको, स्ट्रेन, मुगा आणि ट्रोपोनिन यांची तुलना

कोल्हापुरात माझं बरंचसं काम इको करण्याचं आहे. गेल्या काही वर्षांत कॅन्सरच्या डॉक्टरांकडून येणाऱ्या बायकांची संख्या वाढलीय. बहुतेकींना स्तनाचा कॅन्सर असतो, त्यातल्या काहींचा हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. त्यांना आधी डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं सलाईन, आणि मग वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रॅस्टुझुमॅब. दोन्ही औषधं कॅन्सरवर चांगली चालतात आणि दोन्ही हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतात. त्यामुळे घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हृदयाची नेमकी कोणती तपासणी करायची, कुठं करायची आणि किती वेळा? हा आढावा त्या निर्णयासाठी आहे.

निवड करण्याआधी या दोन औषधांतला फरक कळला पाहिजे. डॉक्सोरुबिसिन स्नायूच्या पेशी मारतं. मेलेली पेशी परत येत नाही आणि एकूण डोस वाढेल तसा धोका चढत जातो. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅमपर्यंत साधारण शंभरात पाच जणांना हार्ट फेल्युअर होतं, ५५० ला हे प्रमाण पंचवीसच्या पुढं जातं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या चार सायकलमध्ये एकूण २४० च दिलं जातं, म्हणजे आपण त्या चढाच्या पायथ्याशीच असतो. पण वय ६५ च्या पुढं असेल, बीपी किंवा शुगर असेल, आधीचं हृदयाचं दुखणं असेल, तर तो चढ अलीकडेच सुरू होतो. ट्रॅस्टुझुमॅबचं तसं नाही. ते पेशी मारत नाही, ताण पडल्यावर स्नायूला तगवणारा एक संदेश अडवतं. म्हणून त्यातली घट बहुतेक वेळा भरून येते, पण ती वेळेत दिसली तर. डॉक्सोरुबिसिननं आधीच दमवलेल्या हृदयावर ट्रॅस्टुझुमॅब आलं की त्रास जास्त दिसतो. बीसीआयआरजी ००६ या मोठ्या अभ्यासात डॉक्सोरुबिसिननंतर ट्रॅस्टुझुमॅब घेतलेल्या बायकांत हार्ट फेल्युअर २ टक्के निघालं, तर डॉक्सोरुबिसिन वगळून डोसेटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनसोबत ट्रॅस्टुझुमॅब दिलेल्यांत ०.४ टक्के. सुरुवातीलाच हृदय कमजोर निघालं, तर हा दुसरा पर्याय कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारावा.

आता तपासण्या. साधा टूडी इको सगळीकडे होतो, किरणोत्सर्ग नाही, झडपा आणि हृदयाभोवतीचं पाणीही दिसतं. त्यातला ईएफ हा आकडा सांगतो, की हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं. समजा भरलेल्या डाव्या कप्प्यात ९२ मिलि आहे आणि ठोक्यानंतर ३४ उरलं, तर ५८ बाहेर पडलं. ईएफ ६३. ही मोजणी दोन बाजूंनी कप्प्याच्या कडा आखून केली, तर तिला सिम्पसन पद्धत म्हणतात. पण पुष्कळ रिपोर्टवर असतो तो नुसत्या नजरेचा अंदाज. "ईएफ ६० टक्के, एलव्ही फंक्शन चांगलं" एवढीच ओळ दिसली आणि मिलिमधले आकडे नसले, तर तो अंदाजच समजायचा. श्वास लागलेल्या पेशंटला घाईत तपासायला तो पुरतो. तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवायला तो पुरत नाही. नीट मोजला तरी, दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी मोजलेल्या टूडी ईएफमध्ये हृदय तेच असूनही दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. आणि आपण जी घट शोधतो तीही दहाचीच असते. थ्रीडी इकोत हा फरक निम्म्यावर येतो, मशीन आणि हात दोन्ही असतील तर.

स्ट्रेन म्हणजे जीएलएस. तोच इको, त्याच वेळी, आणखी पाच-दहा मिनिटं. स्नायू प्रत्येक ठोक्याला लांबीनं किती आखडतो हे सॉफ्टवेअर मोजतं. आकडा उणे असतो. निरोगी माणसात साधारण उणे १८ ते उणे २२. ईएफ कमी व्हायच्या आधी हा आकडा ढासळतो, म्हणून मला तो आवडतो. सुरुवातीच्या आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे उणे २० चा उणे १७ च्या आत आला, की सावध व्हायचं. त्याची अडचण अशी, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तपासणीच्या वेळी बीपी चढलेलं असेल तर आकडा उगाच खराब दिसतो. म्हणून रिपोर्टवर मशीनचं नाव आणि त्या वेळचं बीपी लिहिलेलं हवं. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: स्ट्रेन बघून हृदयाची औषधं सुरू करणं आणि ईएफ बघून सुरू करणं यांची तुलना सकर या अभ्यासात झाली, तेव्हा तीन वर्षांनंतर दोन्ही गटांचा ईएफ सारखाच होता. तेव्हा जिथं स्ट्रेन होत नाही तिथल्या बाईवर अन्याय झाला, असं मी म्हणणार नाही.

मुगा स्कॅनमध्ये रक्तातल्या लाल पेशींना टेक्नेशियम जोडून कॅमेऱ्यानं मोजणी होते. मोजणाऱ्याच्या हातावर ते फारसं अवलंबून नाही, आकडा पुन्हा पुन्हा जवळपास तोच येतो. पण दरवेळी किरणोत्सर्ग, आणि झडपा, पाणी किंवा स्ट्रेन यातलं काहीच कळत नाही. वर्षात चार-पाच वेळा करायची तपासणी म्हणून मी तो सुचवत नाही. छाती जाड असेल, फुप्फुसाचा आजार असेल, डावा स्तन काढल्यावर जागा दुखत असेल आणि इकोत कडाच दिसत नसतील, तेव्हा मुगा किंवा हृदयाचा एमआरआय कामाला येतो. एमआरआय सगळ्यात अचूक, पण दर तीन महिन्यांनी करण्यासारखा नाही.

ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी आहे. स्नायूच्या पेशी फुटल्या की ते रक्तात येतं. डॉक्सोरुबिसिनच्या सायकल चालू असताना ती उपयोगी पडते. ट्रॅस्टुझुमॅबच्या काळात त्या मानानं कमी, कारण तिथं पेशी मरत नसतात. इकोच्या जागी मात्र ती चालत नाही. किडनी कमजोर असेल तर आकडा मुळातच वर असू शकतो, म्हणून केमोआधीचा एक आकडा हवाच. दरवेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं.

एक उदाहरण घेऊ. गडहिंग्लजकडच्या एक मावशी, वय ५७, डाव्या स्तनाचा हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर, बीपीसाठी अॅम्लोडिपिन. केमोआधी कोल्हापुरात इको: सिम्पसननं ईएफ ६३, स्ट्रेन उणे २०.५. डॉक्सोरुबिसिनच्या चार सायकलनंतर ईएफ ६० आणि स्ट्रेन उणे १९. ट्रॅस्टुझुमॅब सुरू. तीन महिन्यांनी तपासणीची वेळ आली तेव्हा पाऊस लागलेला, मालक म्हणाले, "डॉक्टर, गावाजवळच काढला इको, तिकडनं येणं हुईना." त्यांचं चुकलं असं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथला पुणे-बंगळूर हायवेसुद्धा बंद पडला होता. पण रिपोर्टवर होतं: ईएफ ५२. मिलि नाहीत, स्ट्रेन नाही, नाडी ११२.

हा आकडा वाचून घाबरायचं की नाही? ६३ वरून ५२ म्हणजे अकराची घट. पण मशीन दुसरं, हात दुसरा, आकडा नजरेचा. शिवाय नाडी ११२ का होती, हे बघायला हिमोग्लोबिन काढलं तर ८.४. रक्त कमी असलं, ताप असला, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असलं, तर ईएफ फसवतो. म्हणून या एका आकड्यावर ट्रॅस्टुझुमॅब थांबवू नये आणि त्याच्याकडे दुर्लक्षही करू नये. हिमोग्लोबिनवर उपचार झाले आणि दोनेक आठवड्यांत पहिल्याच मशीनवर इको झाला: नाडी ८८, ईएफ ५६, स्ट्रेन उणे १६.९. आता चित्र स्पष्ट झालं. ५२ खरा नव्हता, पण "सगळं नॉर्मल" हेही खरं नव्हतं. २०.५ वरून १६.९ म्हणजे साडेसतरा टक्के घट. ईएफ ५० च्या वर आहे, दम नाही, पायाला सूज नाही. अशा वेळी ट्रॅस्टुझुमॅब चालूच ठेवायचं आणि हृदयाची औषधं सुरू करायची. मावशींना बीपीची गोळी लागतच होती, म्हणून अॅम्लोडिपिनच्या जागी रामिप्रिल आणि सोबत कमी डोसचं कार्व्हेडिलॉल. पुढचा इको तीन महिन्यांची वाट न बघता आधीच.

ईएफ ४० ते ४९ च्या दरम्यान आला असता, तर निर्णय अवघड होता. ट्रॅस्टुझुमॅबच्या माहितीपत्रकाप्रमाणे अशी मोठी घट दिसली की औषध किमान चार आठवडे थांबवून पुन्हा तपासायचं असतं. युरोपियन हृदयरोग संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं लक्षणं नसतील तर हृदयाच्या औषधांच्या आधारानं ते चालू ठेवण्याचा विचार करा म्हणतात. ४० च्या खाली मात्र थांबवायचंच. इथं कॅन्सरच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायला हवा. घरच्यांनी तो आग्रह धरायला काही हरकत नाही.

उशीर किती महाग पडतो, याचं उत्तर इटलीतल्या मिलानच्या अभ्यासात आहे. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांनी ईएफ घसरलेल्यांत केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधं सुरू झाली, त्यातल्या ६४ टक्क्यांचा ईएफ सावरला. सहा महिन्यांनंतर सुरू झाली, त्यातल्या एकाचाही पूर्ण सावरला नाही.

तेव्हा माझं मत असं. स्ट्रेनसह इको होत असेल तर तोच निवडा. होत नसेल तर सिम्पसन पद्धतीनं आकडे लिहून देणारा साधा इको घ्या, आणि वर्षभर तिथंच जा. लांबच्या शहरात एकदाच केलेल्या स्ट्रेनपेक्षा जवळचा, पण दरवेळी त्याच हातानं केलेला नीट मोजलेला इको मला जास्त कामाचा वाटतो. गाव लांब असेल तर इको आणि सलाईन एकाच फेरीत बसवा, मात्र इको सलाईनच्या आधी. पावसाळ्यात तारीख येत असेल तर ती आठवडाभर अलीकडे ओढा. जुना रिपोर्टच नव्हे, तर सीडी किंवा पेनड्राइव्हवर चित्रंही मागून घ्या. जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून बघितली की निम्म्या शंका तिथंच मिटतात.

आणि शेवटच्या सलाईनबरोबर हे थांबत नाही. डॉक्सोरुबिसिनच्या त्रासापैकी बहुतेक सगळा पहिल्या वर्षातच दिसतो, म्हणून उपचार संपल्यावर वर्षाच्या आत एक इको सगळ्यांचा, आणि मावशींसारख्या बीपीवाल्यांचा किंवा ज्यांचा आकडा मध्येच खाली आला होता त्यांचा तिसऱ्या महिन्यातही एक. मधल्या काळात जिना चढताना पूर्वी लागत नसलेला दम लागला, रात्री आडवं झाल्यावर खोकला आला, किंवा आठवड्यात दोन-तीन किलो वजन वाढून पाय सुजले, तर तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.