राउटर: रिस्टार्ट, की थेट फॅक्टरी रिसेट?

नेट अडलं की हात दोन ठिकाणी जातो: पॉवरच्या बटणाकडे, नाहीतर सगळ्या सेटिंग्ज पुसणाऱ्या रिसेटच्या मागच्या बारीक भोकाकडे. मी दोन्ही करून पाहिलंय आणि माझा कल पहिल्याकडे आहे. दुसऱ्यालाही त्याची जागा आहे, पण ती फार लहान आहे.

स्पीड कमी झाला म्हणून मी एकदा रिसेट दाबला. वायफाय तळाच्या स्टिकरवरच्या नावानं परत आलं, नेट मात्र आलं नाही. माझं कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे राउटरनं स्वतः लॉगिन करायचं. रिसेटनंतर वॅन सेटिंग, म्हणजे राउटरची इंटरनेटकडच्या बाजूची सेटिंग, ‘ऑटोमॅटिक’वर गेली होती. युजरनेम जुन्या मेसेजमध्ये सापडलं. पासवर्ड मात्र जोडणी करणाऱ्यानं स्वतः टाकला होता आणि तो मी कधी पाहिलाच नव्हता. वायफायचा पासवर्ड तिथे चालत नाही, राउटरच्या ॲडमिन पेजचाही नाही. दोन दिवस फोन केल्यावर तो मिळाला.

तो टाकूनही नेट येईना. लॉगमध्ये ‘PADI’ परत परत दिसत होतं, ‘PADO’ एकदाही नाही. म्हणजे राउटर हाका मारत होता आणि पलीकडून कुणी ओ देत नव्हतं. पासवर्ड चुकला असता तर तिथे ‘authentication failed’ दिसलं असतं. लॉगिनपर्यंत गाडी पोहोचलीच नव्हती, कारण व्हीलॅन आयडी, म्हणजे लाइनवरच्या नेटसाठी कंपनीनं ठरवलेला आकडा, रिसेटमध्ये पुसला गेला होता. तो आकडा भरल्यावर मिनिटाभरात नेट सुरू झालं. स्पीडची तक्रार मात्र जशीच्या तशी राहिली. दोष वायरीत निघाला.

त्यामुळे रिसेटआधी वॅनच्या पानाचा फोटो काढा. कनेक्शनचा प्रकार, युजरनेम आणि व्हीलॅन आयडी त्यात येतात. स्थिर आयपी असेल तर आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हवेत. लँडलाइन राउटरलाच जोडलेली असेल तर तिचं लॉगिनही वेगळं असतं. पासवर्ड ठिपक्यांत लपलेला असतो, म्हणून तो प्रोव्हायडरकडून आधीच मागून घ्यावा. काही कंपन्या लाइनवरूनच सगळं आपोआप भरतात. तसं असेल तर ही धास्ती नाही, पण आधी विचारलेलं बरं.

सेटिंग्जची बॅकअप फाइल ठेवावी, पण बिघाड सेटिंगमध्येच असेल तर फाइलमधून तोही परत येतो.

मग रिसेट कधी? ॲडमिन पासवर्ड पूर्ण विसरलात, राउटर वापरलेला विकत घेतलात किंवा दुसऱ्याला देताय, कुणीतरी डीएनएस बदलल्याचा संशय आहे, किंवा फर्मवेअर अपडेटनंतर सेटिंग्ज सेव्हच होत नाहीत. लाल लॉस दिवा पेटला असेल तर टाचणी खाली ठेवा, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. बाकी वेळी मी आपला अर्धा मिनिट पॉवर बंद ठेवतो.