नाल्याकाठचा फ्लॅट की गच्चीखालचा?

पावसाळा ओसरताना दाट वस्तीत घर शोधणाऱ्यासमोर असे दोन फ्लॅट आहेत असे धरू. पहिला दुसऱ्या मजल्यावर असून त्याच्या खिडकीखालून सांडपाण्याचा नाला वाहतो. दुसरा सातव्या मजल्यावर, हवेशीर, पण त्याच्या डोक्यावर गच्चीतील पाण्याच्या टाक्या आणि शेजारी अर्धवट बांधकाम आहे. नाल्याच्या दुर्गंधीमुळे पहिला फ्लॅट धोक्याचा वाटतो. डेंग्यूचा विचार केल्यास मात्र मला दुसऱ्याची काळजी अधिक वाटते.

नाल्यात मुख्यतः क्युलेक्स डास वाढतात. ते रात्री चावतात, झोप मोडतात आणि हत्तीरोग असलेल्या भागात तो पसरवतात, त्यामुळे तेथे खिडक्यांना जाळी आणि रात्री मच्छरदाणी हवीच. डेंग्यू व चिकनगुनिया पसरवणारा एडिस मात्र साचलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, चावतो. तो सहसा जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो, म्हणून त्याचे पाणी आपल्या इमारतीत किंवा अगदी शेजारी आहे का, हाच प्रश्न निर्णायक ठरतो. तेथे सातव्या मजल्याची उंची फारशी कामी येत नाही, कारण उघडी टाकी आणि बांधकामावर साचवलेले पाणी त्याच उंचीवर असू शकते.

त्यामुळे घर पाहायला भरदिवसा जावे आणि परवानगी घेऊन गच्चीवरही जावे. टाकीचे झाकण घट्ट बसते का आणि ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, हे पाहून आत विजेरीचा झोत टाकावा. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असतील, तर त्या मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलिस गटाच्या असतात. शेपटीकडची श्वासनळी वर करून तिरप्या लोंबकळत असतील, तर एडिसच्या किंवा क्युलेक्सच्या. अळी कोणतीही असली तरी देखभाल ढिली आहे, हे तेथेच कळते. टाक्या कोण व कधी धुतो, हेही करार करण्यापूर्वी विचारावे.

राहायला गेल्यावर आठवड्यातून एक दिवस कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे आणि बादल्या रिकाम्या कराव्यात, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या भिंतीला चिकटतात, कोरडी राहूनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरताच उबतात, म्हणून भांडे आतून घासावे लागते. धुरफवारणी उडणाऱ्या डासांवर चालते. या अंड्यांवर तिचा परिणाम होत नाही.

दुसऱ्या फ्लॅटची टाकी झाकून व जाळी लावून मिळत असेल आणि बांधकामावरील पाणी दर आठवड्याला उपसले जात असेल, तर माझा कल त्याच्याकडे जाईल. तसे नसेल, तर जाळ्या बसवून मी नाल्याकाठचा फ्लॅट घेईन, अर्थात त्याच्या इमारतीचीही गच्ची पाहून झाल्यावरच.