बिनचष्म्याच्या फोटोवर चष्मा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेच्या व्हिसासाठी २०१६च्या नोव्हेंबरपासून चष्मा काढूनच फोटो द्यावा लागतो. त्यामुळे मुलांकडे जाऊन आलेल्या अनेक ज्येष्ठांचा सर्वांत स्पष्ट फोटो नेमका बिनचष्म्याचा असतो, आणि ते गेल्यावर फ्रेम करण्यासाठी घरचे तोच फोटो घेऊन स्टुडिओत येतात. "बाबांना चष्म्याशिवाय आम्ही कधी पाहिलंच नाही, तेवढा चष्मा घालून द्या," ही मागणी आता सवयीची झाली आहे. या कामासाठी निवडलेला भाग लेखी सूचनेवरून नव्याने रंगवणारे एक एआय साधन मी काही महिने वापरत आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण याच प्रकारची इतर साधनेही मी चाळून पाहिली आणि दोष बहुतेक तेच आढळले.

फ्रेमचा धातू, कडांची चमक, बिजागरीजवळचा जोड हे सारे ते उत्तम रंगवते. मापाचे भान मात्र त्याला नसते. ते आपणच द्यावे लागते. प्रौढ माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण ११.७ मिलिमीटर असते आणि ती माणसागणिक फारशी बदलत नाही. अलीकडच्या एका फोटोत बुबुळ ४७ पिक्सेल भरले, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे ४ पिक्सेल. घरच्यांनी जपून ठेवलेल्या चष्म्याच्या काडीवर आतल्या बाजूस ५२, १८ आणि १४० हे आकडे होते: काचेची रुंदी, दोन काचांमधले अंतर आणि काडीची लांबी. त्यावरून प्रत्येक काच २०८ पिक्सेल आणि मधले अंतर ७२ पिक्सेल असे ठरले. तेवढ्या आकृत्या फिकट रेषेने आखून, फक्त त्या रेषेभोवतीचा पट्टा निवडून साधनाकडे दिला. संपूर्ण डोळ्यांचा भाग निवडला तर साधन डोळेही नव्याने रंगवते. पापणीची घडी किंचित बदलते आणि घरच्यांना ते बाबा वाटेनासे होतात. म्हणून काचेच्या आतला भाग मी मूळ फोटोचाच ठेवतो.

सर्वांत जास्त वेळ प्रतिबिंबावर जातो. दोन्ही काचांवर एकसारखा, आरशात उलटवल्यासारखा पांढरा पट्टा आला की फोटो खोटा ठरतो, कारण प्रकाश एकाच बाजूने येत असेल तर प्रतिबिंबही दोन्ही काचांवर त्याच बाजूला सरकलेले असायला हवे. दिवा कुठे होता हे बुबुळातल्या चमकेवरून कळते. बुबुळाचा बाक जास्त असल्यामुळे तिथली चमक बारीक असते. काच त्यामानाने सपाट असल्यामुळे त्याच दिव्याचे प्रतिबिंब तिच्यावर बरेच मोठे दिसते. शिवाय चष्मा नाकावर बसल्यावर काचेचा वरचा भाग किंचित पुढे झुकतो, त्यामुळे उंचावरच्या दिव्याचे प्रतिबिंब पुष्कळदा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून साधनाने दिलेले प्रतिबिंब मी बहुतेक वेळा पुसतो आणि वेगळ्या लेयरवर, स्क्रीन मोडमध्ये, अगदी हलक्या हाताने पुन्हा काढतो. काचेला परावर्तनरोधक लेप असेल तर त्यात हिरवट छटा पुरते.

नोज पॅडच्या सावलीकडे साधन हमखास दुर्लक्ष करते आणि चष्मा चेहऱ्यासमोर तरंगतो. पॅड जिथे त्वचेला टेकतो तिथे सावली अरुंद, गडद आणि स्पष्ट असते. एक-दोन मिलिमीटरवर ती विरते. फ्रेमच्या खालच्या कडेची गालावरची सावली मात्र मऊ असते, कारण ती कड त्वचेपासून दूर असते. तिची दिशा नाकाखालच्या सावलीशी जुळली पाहिजे. दोन्ही सावल्या मल्टिप्लाय मोडमध्ये काढाव्यात, पण रंग शुद्ध काळा न घेता त्वचेचाच गडद तपकिरी घ्यावा. जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला बहुधा वेगळे पॅड नसतात. तिथे पुलाखालीच सलग सावली येते. साधन कधीकधी अशा फ्रेमलाही पॅड चिकटवते, ते पाहून खोडावे लागते.

काड्यांचे काम समोरून घेतलेल्या फोटोत थोडे असते. कॅमेऱ्याच्या दिशेने पाहता १४० मिलिमीटरची काडी आखडून बिजागरी आणि कान यांच्यामधल्या छोट्या तुकड्याइतकीच दिसते. तो तुकडा कानाच्या वरच्या टोकाकडे जाऊन तिथे लपला पाहिजे. साधन तो कानशिलावरच सोडून देते. काडीचा लेयर मूळ केसांच्या खाली ठेवला की पांढऱ्या केसांच्या बटा तिच्यावरून येतात आणि काम जमते. चेहरा वळलेला असेल तर पलीकडची काडी जवळपास दिसत नाही, तरीही साधन ती रंगवते.

जास्त मायनस नंबरच्या चष्म्यासाठी मी हे साधन सुचवणार नाही. अशा काचेतून कानशिलाची कड आत सरकलेली आणि डोळे लहान दिसतात. ते साधनाने एकदाही बरोबर दिले नाही आणि हाताने करायला अख्खी दुपार जाते. अशा वेळी मी घरच्यांकडून चष्मा घातलेला एखादा जुना, धूसर का होईना, फोटो मागून घेतो आणि कड किती सरकते ते त्यावरून मोजतो. तसा फोटो नसेल तर बिननंबरी काचेसारखाच चष्मा येईल, हे त्यांना आधीच सांगतो.