सुरकुत्या हसत नव्हत्या, तरी मी 18,500 रुपये पाठवले

12,000, मग 18,500, मग 4,720. एकूण 35,220 रुपये, व्हिडिओत चेहरा बदलून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला. घरी अजून कोणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतोय. खान्देशात माझ्यासारखे स्टुडिओवाले शेकड्याने आहेत आणि हा माणूस अजून कामं घेतोय.

चोपडा तालुक्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. सोळा वर्षं लग्नं शूट करतोय. मार्चमध्ये जवळच्या गावातल्या एका घरचं काम आलं. त्या घरातले नाना 1984 मध्ये गेले, तेव्हा त्यांचं वय 34. आता त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं, 30 एप्रिलच्या आखाजीनंतरच्या आठवड्यात. नानांचा मुलगा म्हणाला, "भाऊ, आज नाना असते तर 75 चे असते. आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरतो, तेव्हा सगळं घर बसलेलं असतं. एकदा त्यांना म्हातारं झालेलं दाखवा. जिजीने त्यांना तसं कधी पाहिलंच नाही." जिजी म्हणजे नानांची बायको. सगळ्यांना विचारून, सगळ्यांसमोर ठरलं. 55,000 मध्ये काम घेतलं, 20,000 अॅडव्हान्स.

नानांचे फोटो चारच. शरीरासाठी धाकटे भाऊ बसले, आबा, वय 71. निंबाखाली बाजेवर बसून आबा समोर बघतात, हसतात, हात वर करून आशीर्वाद देतात. तीन शॉट मिळून 40 सेकंद. शूट मी स्वतः केलं आणि चांगलं केलं. फेस स्वॅप, म्हणजे आबांच्या शरीरावर नानांचा चेहरा बसवायचं काम, मात्र मी आधी कधी केलं नव्हतं, म्हणून माणूस शोधला. त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, "वयाचा कितीही फरक असो, सुरकुत्यांसकट मॅच करून देतो." फोनवर बोलायला इतका सरळ की मी 18 मार्चला 12,000 पाठवले. अॅडव्हान्स तर आपणही घेतो, त्यात संशय घेण्यासारखं मला काही वाटलं नाही.

26 मार्चला त्याने 12 सेकंदांचं सॅम्पल पाठवलं. दुसऱ्याच कोणाचं, एक म्हातारा गृहस्थ. कपाळावर आडव्या रेषा, डोळ्यांच्या कोपऱ्यात जाळं, एकदम खरं वाटणारं. नवव्या सेकंदाला तो माणूस हसतो. गाल वर जातात, डोळे बारीक होतात, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातलं जाळं आहे तसंच राहतं. खोल होत नाही, आवळत नाही, गालाबरोबर वर सरकत नाही. नाकापासून ओठांकडे येणारी घडी हसताना खोल जायला हवी, तीही जागची हलत नाही.

हे मी पाहिलं होतं. सोळा वर्षं मी माणसं हसताना शूट करतोय. लग्नात म्हातारी माणसं कशी हसतात हे मला माहीत नाही तर कोणाला? सॅम्पल मी दोनदा मागे घेऊन पाहिलं, आणि मनाला समजावलं की मोबाईलचा स्क्रीन लहान आहे, फाईल व्हॉट्सअॅपने दाबली असेल. दुसऱ्या दिवशी 18,500 पाठवले. त्या वेळी हातात तीन लग्नं होती, नानांचा मुलगा रोज फोन करत होता, आखाजी जवळ येत होती. दमलेला माणूस जे ऐकायचंय तेच ऐकतो. पण तो नववा सेकंद आठवला की अजून रात्री झोप उडते. सॅम्पल मागाल तर हसतानाचं मागा, भुवया वर करतानाचं मागा, आणि मोठ्या स्क्रीनवर बघा.

19 एप्रिलला त्याचा फोन आला, जीपीयू भाड्याने घ्यावं लागतंय. 4,000 आणि 18 टक्के जीएसटी, 4,720. तेही पाठवले. बिल आजपर्यंत आलेलं नाही. जीएसटी मागतो त्याने बिलावर नंबर द्यायलाच हवा. बिल हातात येईपर्यंत एक रुपया सोडू नका.

26 एप्रिलला काम आलं. 27 ला त्या घरी टीव्हीवर लावलं. बाजेवर आबांचा सदरा, आबांची सुरकुतलेली मान, हातावर फुगलेल्या शिरा, आणि मध्ये चाळिशीतल्या माणसाचा गुळगुळीत चेहरा. त्यावर रेषा होत्या, पण आबा मान वळवत तशा त्या किंचित मागे राहून सरकत, ओल्या भिंतीवरचा कागद सरकावा तशा. आबा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हाऊ मना भाऊ नई शे, भो." जिजी काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी 20,000 तिथेच परत केले. त्या संध्याकाळी त्या माणसाचा फोन बंद झाला.

त्याने नेमकं काय केलं ते मला माझ्या भाच्याने दाखवलं. तो धुळ्याला शिकतो. त्याने फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं, नानांचा एक फोटो आणि माझं शूट दिलं, आणि एका संध्याकाळीत तसाच गुळगुळीत चेहरा काढून दाखवला. आतलं मॉडेल inswapper_128.onnx. ते बनवणाऱ्यांनी ते फुकट घेऊन धंद्यासाठी वापरायची परवानगीही दिलेली नाही. त्या माणसाने वरून फक्त सुरकुत्यांचा एक थर चिकटवला होता आणि तोच मला विकला.

वय का जुळलं नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, म्हणून नीट सांगतो. हे मॉडेल फोटोतून त्वचा उचलत नाही. माणूस कोण आहे याची ओळख उचलते, 512 आकड्यांची एक रांग. ही ओळख काढणारी पद्धत अशीच शिकवलेली असते की तोच माणूस वेगवेगळ्या फोटोंत, थोड्याफार वयाच्या फरकानेही, तोच वाटावा. त्यामुळे सुरकुत्या त्या रांगेत येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. सुरकुत्या यायच्या तर त्या बाजेवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून. पण मॉडेल चेहरा बनवतं 128 बाय 128 पिक्सेलचा. माझ्या जवळच्या शॉटमध्ये आबांचा चेहरा साधारण 512 पिक्सेल रुंद होता. म्हणजे रुंदीतल्या चार पिक्सेलांचा एक झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती दोन-तीन पिक्सेलची, ती त्या एका पिक्सेलात विरघळून गेली. मग हा धूसर चेहरा परत मोठा करायला चेहरा सुधारणारं दुसरं मॉडेल लावतात. ते धूसर जागी स्वतःच्या अंदाजाने स्वच्छ, तुकतुकीत त्वचा भरतं. 71 वर्षांच्या शरीरावर चाळिशीचा चेहरा असा येतो.

आणि म्हातारपण म्हणजे नुसत्या रेषा नाहीत. गाल खाली ओघळतात, जबड्याची कड मोडते, वरची पापणी डोळ्यावर येते, ओठ पातळ होतात. 34 वर्षांच्या भरलेल्या गालावर रेषा काढल्या तर गॅदरिंगमध्ये पेन्सिलने म्हातारा केलेल्या पोरासारखं दिसणारच. म्हणून आधी फोटो म्हातारा करावा लागतो, मग स्वॅप. कोणी थेट तरुणपणीच्या फोटोवरून सुरकुत्या मॅच करून देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. चार फोटोंवर "खास मॉडेल ट्रेन करतो" म्हणाला तरी ठेवा, त्याला वेगवेगळ्या कोनांतले हजारो फ्रेम लागतात. मलाही तो हेच म्हणाला होता.

आता तक्रारीचं. 28 एप्रिलला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, शेवटचे पैसे कधी गेले? नऊ दिवसांपूर्वी. तुम्हाला फाईल मिळाली का? मिळाली. मग हा व्यवहारातला वाद आहे, म्हणाल्या. cybercrime.gov.in वर तक्रार भरली, स्क्रीनशॉट जोडले, तिन्ही व्यवहारांचे नंबर जोडले. मग ठाण्यात गेलो. सकाळी 11 ला बाकावर बसलो, 4 वाजता बोलावलं. साहेबांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "चेहरा तर बदललाय की!" मी म्हणालो, साहेब, मान बघा, हात बघा, हसताना डोळ्यांचे कोपरे बघा. ते म्हणाले, "आवडलं नाही म्हणून गुन्हा होतो का?" वरून मलाच विचारलं, मेलेल्या माणसाचे खोटे व्हिडिओ कशाला करता? घरच्यांची संमती दाखवली, ती वाचायला कोणाला वेळ नव्हता. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, काम धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकात बसत नाही. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवले. प्रत्येकाचं उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तरात चूक माझीच. ज्याने खोटं सॅम्पल दाखवलं, न झालेल्या खर्चाचे पैसे घेतले, त्याचा नंबर एकानेही लावून पाहिला नाही. काय ठरलं ते कागदावर घेतलं असतं, "हसताना सुरकुत्या हलल्या पाहिजेत" एवढं एक वाक्य लिहून घेतलं असतं, तर त्या टेबलावर निदान बोट ठेवायला जागा असती.

आखाजीला घागरीशेजारी नानांचा जुना फोटो ठेवला गेला, दरवर्षीसारखा. लग्नातही माझी फिल्म लागली नाही.

मे महिन्यात भाच्याला घेऊन मी सहा सेकंदांचा एकच शॉट परत केला, पैसे न घेता. आधी आबांचा चेहरा समोर ठेवून नानांचा फोटो म्हातारा केला आणि तो जिजींना दाखवला. त्यांनी नाक दोनदा बदलायला लावलं, तेव्हा हो म्हटलं. मग स्वॅप. चेहरा सुधारणाऱ्या मॉडेलचा जोर 80 वरून 30 वर आणला. आणि मुख्य काम त्यानंतरचं. मूळ शूटमधून आबांच्या त्वचेचे बारीक तपशील वेगळे काढले. त्यासाठी मूळ फ्रेममधून तिचीच धूसर केलेली प्रत वजा करायची, मागे फक्त रेषा आणि रोमछिद्रं उरतात. तो थर नव्या चेहऱ्यावर साठ-पासष्ट टक्के ठेवला, डोळे आणि ओठ सोडून. नवा चेहरा आबांच्याच हालचालींवर चालतो, त्यामुळे आबा हसले त्याच फ्रेमला, त्याच जागी घडी पडते. दोन्ही चेहऱ्यांची ठेवण फार वेगळी असेल तर हे जमणार नाही, रेषा भलत्या जागी पडतात. इथे सख्खे भाऊ होते म्हणून बसलं. खर्च विजेचा आणि चार रात्रींचा.

आबांनी तो शॉट तीनदा पाहिला. म्हणाले, "कान मना शेतस." बरोबर आहे, स्वॅप कानापर्यंत जात नाही. मग बराच वेळ गप्प बसले आणि चौथ्यांदा लावायला सांगितला.

पोर्टलवर माझी तक्रार अजून जिथल्या तिथे आहे. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने मला एक जाहिरात पाठवली. नंबर नवा, मजकूर तोच, "वयाचा कितीही फरक असो." आणि खाली सॅम्पल म्हणून आमच्याच व्हिडिओतली फ्रेम, निंबाखालच्या बाजेवरची. त्याने नेमकी ती निवडली आहे जिच्यात आबा हसत नाहीत.