ग्रॉस, ऑपरेटिंग की नेट : धंद्यात पैसे घालायच्या आधी कुठला नफा बघायचा?

समजा फरसाणच्या दोन छोट्या कंपन्या आहेत आणि तुम्हाला एकीत पैसे घालायचेत. दोघींची वर्षाची विक्री १०० लाख आणि नेट प्रॉफिट पण सेम, ९ लाख. खालची ओळ बघून ठरवायचं म्हटलं तर नाणं उडवावं लागेल, म्हणून मी नेहमी वरून खाली वाचत येते.

पहिलीचा बेसन, तेल, मसाला, पॅकिंग मिळून मालाचा खर्च ६० लाख, म्हणजे ग्रॉस प्रॉफिट ४०. दुसरीचा तोच खर्च ७२ लाख, ग्रॉस २८. इथे कळतं की माल विकून हातात किती उरतं. दुसरी एकतर माल महाग घेतेय, नाहीतर स्वस्तात विकतेय.

मग पगार, भाडं, वीज, जाहिरात, मशिनचा घसारा हे सगळं वजा केलं की ऑपरेटिंग प्रॉफिट. पहिलीचे हे खर्च २६ लाख, उरले १४, दुसरीचे २४ लाख, उरले फक्त ४. आता दोघींनाही व्याज २ लाख आहे, मग दुसरीचा नेट ९ आला कुठून? तिने त्या वर्षी जागा विकली, त्यातून १० लाख फायदा झाला. दोघींचा करपूर्व नफा १२, सोयीसाठी कर ३ धरला, उरले ९. जागा काय दरवर्षी विकता येत नाही.

पुढच्या वर्षी विक्री तेवढीच राहिली आणि मालाचा खर्च फक्त ५ टक्के वाढला तर पहिलीचा ऑपरेटिंग १४ वरून ११ वर येतो, दुसरीचा ४ वरून ४० हजारांवर, म्हणजे २ लाख व्याजसुद्धा सुटत नाही. मी पहिलीतच पैसे घालीन.

नेट प्रॉफिट बिनकामाचा नाही हां, मालकाच्या वाट्याला येतो तो तोच, डिव्हिडंड पण त्यातूनच बघितला जातो. पण धंदा चांगला चाललाय का हे मला ऑपरेटिंगच सांगतो.

एक अडचण म्हणजे भारतातल्या कंपन्यांच्या छापील नफा-तोटा पत्रकात ग्रॉस आणि ऑपरेटिंग अशा ओळी सहसा नसतातच, आपणच काढायच्या. विक्रीतून कच्चा माल आणि तयार माल खरेदी वजा करा, साठ्यातल्या बदलाची ओळ त्यात धरा, झाला ग्रॉस. यात कारखान्यातली मजुरी येत नाही, ती पगाराच्या ओळीत असते, त्यामुळे मजुरी धरून काढलेल्या आकड्याशी याची तुलना करू नका. 'इतर उत्पन्न' ऑपरेटिंगमधून बाहेर ठेवा. आणि काही वेबसाइट घसारा वजा न करताच ऑपरेटिंग प्रॉफिट दाखवतात, मशिनवाल्या धंद्यात त्याने चित्र फार गोड दिसतं.

ग्रॉस अचानक वाढलेला दिसला तर आधी शिल्लक साठा बघा. वर्षअखेरीचा साठा जास्त किमतीला दाखवला की मालाचा खर्च कमी दिसतो आणि ग्रॉस आपोआप फुगतो. विक्री जागच्या जागी आणि गोदाम मात्र भरत चाललंय असं असेल तर साठ्याची किंमत कशी धरली ते विचारल्याशिवाय चेक देऊ नका.