उतरत्या छपराला पन्हळ चार इंची की सहा इंची? आणि पाइप किती, कुठे?

पन्हळ घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती इंची?" खरं तर त्याच्या आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: पाणी खाली उतरवणारे पाइप किती आणि कुठे? या एका निर्णयावर चार इंची पन्हळही पुरते, नाहीतर सहा इंचीसुद्धा भिंतीवर वाहते. म्हणून इथे मापांची आणि मांडणीची तुलना एकत्रच केली आहे.

उदाहरणाला कोकणातलं नेहमीचं चिऱ्याचं घर घेऊ. मंगलोरी कौलं, मधोमध आढं, दोन्हीकडे उतार. एका बाजूची वळचण १० मीटर लांब, आढ्यापासून वळचणीपर्यंतचं आडवं अंतर ४ मीटर, आणि आढं वळचणीपेक्षा २.४ मीटर उंच. जमिनीवर मोजलेलं क्षेत्र ४० चौरस मीटर. पण वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस उभ्या चढावरही आदळतो, म्हणून उंचीच्या निम्म्याइतकी रुंदी वाढवून धरतात: ४ अधिक १.२, म्हणजे ५.२ मीटर. गुणिले लांबी १०, म्हणजे ५२ चौरस मीटर. बरेच जण हे १२ चौरस मीटर विसरतात.

आता पाऊस. वर्षभरात किती मिलिमीटर पडतो याचा पन्हळीशी फारसा संबंध नाही. पन्हळ ओसंडते ती पाच-दहा मिनिटांच्या जोरदार सरीत, आणि तशी सर विदर्भातल्या वळिवातही येते. मी ताशी १५० मिलिमीटरचा जोर धरतो. म्हणजे दर चौरस मीटरवर मिनिटाला अडीच लिटर. आपल्या ५२ चौरस मीटरवर मिनिटाला १३० लिटर, जवळपास नऊ बादल्या. हे सगळं पाणी एका वळचणीला येतं.

अर्धगोल पन्हळ सपाट बसवलेली आणि स्वच्छ असेल, तर चार इंची (१०० मिमी) मिनिटाला सुमारे ४७ लिटर नेते, पाच इंची (१२५ मिमी) ८१ आणि सहा इंची (१५० मिमी) १२८. रुंदी दीडपट केली की क्षमता पावणेतीनपट होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हे आकडे पन्हळीच्या एका दिशेने वाहणाऱ्या पाण्याचे आहेत, आणि मांडणीचा, म्हणजे पन्हळीतलं पाणी पाइपात उतरवणारी तोंडं कुठे काढायची हा प्रश्न इथेच येतो:

| तोंडं कुठे | एका दिशेने येणारं पाणी (मिनिटाला) | ४ इंची | ५ इंची | ६ इंची |
|---|---|---|---|---|
| एकच, एका टोकाला | १३० लिटर | नाही | नाही | अगदी काठावर |
| दोन, दोन्ही टोकांना | ६५ लिटर | नाही | चालते | निम्मी मोकळी |
| दोन, टोकांपासून अडीच-अडीच मीटर आत | ३२.५ लिटर | चालते | भरपूर | भरपूर |

शेवटच्या ओळीत तोंडं तेवढीच आहेत, फक्त आत सरकवली आहेत. प्रत्येक तोंडाला दोन्ही बाजूंनी पाणी मिळतं, त्यामुळे पन्हळीच्या प्रत्येक तुकड्याला फक्त अडीच मीटर छपराचं पाणी न्यावं लागतं. खर्च जवळजवळ सारखाच, ओझं निम्मं.

उताराचाही फायदा होतो. पन्हळीला मीटरमागे ५ मिलिमीटर उतार दिला, तर एका टोकाला तोंड असताना १० मीटरमध्ये ती ५ सेंटिमीटर खाली जाते. त्या टोकाला कौल आणि पन्हळ यांच्यात फट पडते आणि वेगाने आलेलं पाणी पन्हळीवरून उडी मारून जातं. तोंडं आत घेतली तर उतार फक्त सव्वा सेंटिमीटर.

मग चार इंची घेऊन पैसे वाचवावेत का? कोकणात मी तसं सुचवणार नाही. आंब्या-फणसाचा पाला एका तोंडाशी अडकला की काय होतं ते पाहा. उरलेल्या एका तोंडाला लांबच्या बाजूने साडेसात मीटर छपराचं, म्हणजे मिनिटाला साडेसत्याण्णव लिटर पाणी येईल. चार इंची आणि पाच इंची दोन्ही ओसंडतील, सहा इंची तग धरेल. तोंडं दोन टोकांना असतील आणि एक तुंबलं, तर आपण तक्त्याच्या पहिल्या ओळीवर येतो, तिथे सहा इंचीही काठावर आहे. घराजवळ झाडं नसतील आणि शिडी लावून दर महिन्याला पन्हळ साफ करणारं कुणी असेल, तर पाच इंची पुरे.

तोंडं आत घेण्याची एक अडचण खरी आहे: पाइप भिंतीच्या मधोमध येतात, तिथे खिडकी असू शकते. तेव्हा तोंड फूट-दीड फूट इकडेतिकडे सरकवलं तरी हिशेब फार बिघडत नाही. पण पन्हळ कोपऱ्यावर वळवून पाइप मागच्या बाजूला नेण्याचा मोह टाळा. तोंडाजवळ वळण असलं की क्षमता साधारण १५ टक्क्यांनी घटते.

उभ्या पाइपाचं माप निवडणं सोपं आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या तक्त्यात ताशी १५० मिलिमीटरला ७५ मिमी पाइपाला १३.६ चौरस मीटर छप्पर दिलं आहे आणि १०० मिमी पाइपाला २८.५. आपल्या ५२ चौरस मीटरला १०० मिमीचे दोन पाइप पुरतात. ७५ मिमीचे घेतले तर चार लागतील. बाजारात ११० मिमी म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप आतून १०० च्या थोडा वरच भरतो, तोच घ्यावा. हा तक्ता सावध आहे, नुसता स्वच्छ पाइप यापेक्षा जास्त पाणी नेतो. पण पाला येणाऱ्या छपराला तो सावधपणा हवाच. तोंडावर सपाट जाळी लावू नका, एका पानाने ती झाकली जाते. वर आलेली, फुग्यासारखी जाळी लावा.

एवढं करूनही कधीतरी विलक्षण सर येईल आणि पन्हळ भरेल. तेव्हा पाणी कुठे पडावं हे आधीच ठरवता येतं: पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सेंटिमीटरभर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही. कारागीर बऱ्याचदा दोन्ही कडा समान ठेवतात किंवा नेमकं उलटं करतात, त्यामुळे काम चालू असतानाच पाणसळ लावून बघा. कौलाची कड पन्हळीत सुमारे ५ सेंटिमीटर आत यायला हवी.

जुनी पन्हळ बदलावी की नाही, या पेचात असाल तर भिंतीवरचे डाग पाहा. डाग तोंडाजवळ असेल तर तोंड किंवा पाइप लहान आहे, नाहीतर तुंबला आहे. पन्हळ बदलून फरक पडणार नाही. डाग तोंडापासून लांब, मध्येच कुठेतरी असेल तर तिथे ब्रॅकेट खचून पन्हळ झोळ घेते आहे. साठ सेंटिमीटरवर एक ब्रॅकेट लावलं की बहुधा भागतं. पन्हळ अर्धीही भरलेली नसताना वळचणीखाली सरळ लांबलचक ओल दिसत असेल, तर पाणी कौलाच्या खालच्या बाजूने मागे ओघळतं आहे. त्याला मोठी पन्हळ हा उपाय नाही, कौल पुढे घ्यावं लागतं किंवा कौलाखाली पत्र्याची पट्टी देऊन ती पन्हळीत सोडावी लागते.

घर इंग्रजी एलच्या आकाराचं असेल, तर वरचा हिशेब आतल्या कोपऱ्याला लागू होत नाही. दोन छपरांचं पाणी तिथे एका जागी धारेने पडतं, आणि त्या धारेला थोपवणं सहा इंचीलाही जड जातं. एक तोंड कोपऱ्याच्या अगदी जवळ काढा आणि कोपऱ्यावर पन्हळीच्या बाहेरच्या कडेला हातभर लांब, बोटभर उंच पत्र्याची आड लावा.